आधी काळी, मग लाल

पुण्यात गाडीची बॅटरी बदलून घेणं हे आता पिझ्झा मागवण्याइतकं सोपं झालं आहे. फोन करायचा, गाडीचं मॉडेल सांगायचं, आणि पाऊण तासात एक मुलगा स्कूटरवर पायांमध्ये नवी बॅटरी ठेवून सोसायटीच्या दारात हजर. पाच मिनिटांत जुनी काढतो, नवी बसवतो, जुनीचे पैसे वजा करतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे निघतो. या सोयीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माझं म्हणणं आहे ते त्या पाच मिनिटांबद्दल.

त्या पाच मिनिटांत हा मुलगा बरेचदा एक प्रेमळ सूचना करतो. "साहेब, गाडी चालूच राहू द्या. रेडिओची सेटिंग जाणार नाही, घड्याळ पण जाणार नाही." आणि साहेब खूश होतात. कारण त्यांची १०१ वर विविध भारती लावलेली असते, ९८.३ वर मिर्ची, मुलांनी ब्लूटूथला फोन जोडून ठेवलेले असतात, आणि हे सगळं पुन्हा कोण करत बसणार? इंजिन घरघरत असताना जुनी बॅटरी निघते, नवी बसते, रेडिओ एक क्षणही थांबत नाही. बघणाऱ्याला हे कसब वाटतं. मला विचाराल तर रेडिओच्या सहा बटणांसाठी संपूर्ण गाडीचा मेंदू जुगारात लावण्याचा हा प्रकार आहे.

कसा ते सांगतो.

इंजिन चालू असताना वीज तयार करतो तो अल्टरनेटर. तो पट्ट्यावर फिरतो, आणि त्यातून साधारण १४ व्होल्ट बाहेर पडतात. पण ही वीज काही शांत नदीसारखी नसते. तुम्ही दिवे लावता, एसी बंद करता, काच खाली करता, आणि मागणी सतत वरखाली होते. हे धक्के बॅटरी पोटात घेते. घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते ना, तसंच. पंप कसाही धडधडला तरी नळाला पाणी सारख्या दाबानं येतं, कारण मध्ये टाकी आहे. आता पंप जोरात चालू असताना कोणी टाकीच मधून काढून टाकली तर?

त्यात जी बॅटरी बदलायची वेळ आली आहे ती बहुतेक वेळा रिकामी असते, म्हणजे अल्टरनेटर त्या वेळी ती भरण्यासाठी भरपूर करंट ढकलत असतो. नेमक्या त्याच क्षणी तार सुटली की हा करंट जायला जागा उरत नाही. अल्टरनेटर स्वतःला आवरायला सेकंदाचा काही भाग घेतो, आणि तेवढ्या वेळात तारांमधला व्होल्टेज ४०च्या वर, प्रसंगी ८०च्याही वर उसळू शकतो. इंजिनीअर लोक याला 'लोड डंप' म्हणतात. बऱ्याच नव्या अल्टरनेटरमध्ये ही उसळी दाबणारे डायोड बसवलेले असतात, म्हणून दहातल्या नऊ वेळा काही होत नाही आणि पद्धत टिकून राहते. दहाव्या वेळी इंजिनचा ईसीयू जातो, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड, नाहीतर गंमत म्हणजे ज्याच्यासाठी हा खटाटोप केला तो रेडिओच. आणि उडालेला ईसीयू कित्येक नव्या बॅटऱ्यांच्या किमतीला पडतो.

ही सवय आली कुठून, हेही समजण्यासारखं आहे. जुन्या फियाट आणि अँबॅसिडरमध्ये बिघडायला इलेक्ट्रॉनिक्स नव्हतंच. कार्ब्युरेटर, पॉइंट, कॉइल. चालू गाडीची बॅटरी काढली तरी ती धावत राही, आणि मेकॅनिक मंडळी अल्टरनेटर चालतो की नाही हे तपासायला मुद्दाम एक तार काढूनही बघत. त्या गाड्या गेल्या, हाताला लागलेलं वळण राहिलं.

तेव्हा पहिला मुद्दा सरळ आहे. इंजिन बंद, किल्ली काढून खिशात, दिवे, पंखा, रेडिओ सगळं बंद, फोनचा चार्जर काढलेला. ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली, म्हणजे सेंट्रल लॉकनं काही घोळ घातलाच तर हात आत जाईल. आणि यानंतर पाच मिनिटं थांबायचं. किल्ली काढल्यावरही गाडीतले कॉम्प्युटर लगेच झोपत नाहीत, आपापल्या नोंदी लिहून घेतात आणि मग निजतात. तेवढा वेळ त्यांना द्यावा.

आता मुख्य गोष्ट. तारा कुठल्या क्रमानं काढायच्या?

याचं उत्तर पुणेरी पाटीसारखं देता येईल. 'काळी तार आधी काढावी. कारण विचारू नये.' पण कारण विचारावंच. कारण समजलं नाही की क्रम लक्षात राहत नाही, आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोनेट उघडल्यावर माणूस लाल की काळी, लाल की काळी करत उभा राहतो.

कारण एवढंच आहे: तुमच्या गाडीची संपूर्ण बॉडी ही बॅटरीचा निगेटिव्ह आहे. बॅटरीपासून निघणारी काळी तार जेमतेम हातभर लांब असते आणि लगेच बॉडीला किंवा गिअरबॉक्सला बोल्टनं जोडलेली असते. तिथून पुढे दिव्यांना, हॉर्नला, रेडिओला परतीची वेगळी तार नेण्याऐवजी गाडीचा पत्राच तार म्हणून वापरला आहे. म्हणजे बोनेटखाली तुम्हाला दिसणारा जवळपास प्रत्येक उघडा लोखंडी तुकडा, इंजिन, मडगार्डचा पत्रा, बोनेटचा दांडा, हे सगळं काळ्या टोकाशी जोडलेलं आहे.

हे एकदा डोळ्यांसमोर आलं की बाकीचं आपोआप उलगडतं. समजा तुम्ही आधी लाल टोकाचा नट सोडवायला घेतला. दहाचा पाना नटावर आहे, म्हणजे पाना आता पॉझिटिव्ह झाला. बोनेटखाली जागा ती किती? पाना फिरवताना त्याचं मागचं टोक शेजारच्या पत्र्याला टेकलं, की बॅटरीची दोन्ही टोकं त्या पान्यातून थेट जोडली गेली. बारा व्होल्ट म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. बारा व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण इथे प्रश्न झटक्याचा नाही, करंटचा आहे. स्टार्टर फिरवण्यासाठी बनवलेली ही वस्तू शॉर्ट झाल्यावर शेकडो अँपिअर ओतते. पाना जागच्या जागी चिकटतो, लाल होतो, आणि ठिणगी उडते ती बॅटरीच्या तोंडाशी. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो शेकडा ४ इतका असला तरी पेटतो. बॅटरी फुटणं ही ऐकीव गोष्ट नाही. फुटली तर आतलं गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक अॅसिड, समोर वाकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर येतं.

आता उलट करून बघा. आधी काळी तार. पाना काळ्या नटावर आहे, मागचं टोक पत्र्याला टेकलं. काय झालं? काहीच नाही. पानाही निगेटिव्ह, पत्राही निगेटिव्ह. एकदा काळी तार निघाली की बॅटरीचा बॉडीशी संबंध संपला. त्यानंतर लाल नटावरचा पाना पत्र्याला लागला तरी वर्तुळ पूर्णच होत नाही. म्हणून आधी काळी, मग लाल. बसवताना बरोबर उलट: आधी लाल, शेवटी काळी. कारण तेच. लाल घट्ट करत असताना बॉडी अजून बॅटरीला जोडलेली नसायला हवी.

खरा नियम 'निगेटिव्ह आधी' असा नाहीच मुळी. खरा नियम 'जी तार बॉडीला गेली आहे ती आधी' असा आहे. जुन्या मॉरिस मायनरसारख्या काही ब्रिटिश गाड्यांत बॉडीला पॉझिटिव्ह जोडलेला असे. तिथे घोकलेला क्रम माणसाला बरोबर खड्ड्यात घालेल, आणि समजलेला क्रम वाचवेल. आजच्या गाड्यांत हा प्रश्न येत नाही, पण व्हिंटेज गाड्यांची हौस असणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

एक बारीक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती नेहमी विसरली जाते. काळी तार जाड आणि ताठ असते. काढून बाजूला ठेवली तरी स्प्रिंगसारखी हळूच परत येऊन आपल्या टोकाला टेकते, आणि तुम्ही लाल नटाशी झटत असताना मागे वर्तुळ पुन्हा पूर्ण झालेलं असतं. म्हणून तिच्या तोंडाला जाड फडकं गुंडाळून ती बाजूला दाबून ठेवायची. आणि हातातली अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवायच्या. मंगळसूत्र किंवा लांब साखळी गळ्यात असेल तर तीही, कारण वाकल्यावर ती बरोबर दोन टोकांच्या मधोमध लोंबते. सोन्यातून वीज उत्तम वाहते.

आमच्या शेजारच्या काकांच्या वॅगन-आरचं उदाहरण सांगतो, म्हणजे हा सगळा क्रम एकदा नीट डोळ्यांसमोर येईल. काका बँकेतून निवृत्त. गाडी निघते ती रविवारी सकाळी, मंडईत आणि फार तर सारसबागेपर्यंत. बॅटरी चार वर्षांची, ३५ अँपिअर-अवरची. एका रविवारी सेल्फ मारल्यावर कट्-कट्-कट् एवढाच आवाज आला. दुकानदारानं फोनवरच निकाल दिला, "बॅटरी गेली."

बोनेट उघडलं तर लाल टोकावर हिरवट-निळसर आणि पांढऱ्या बुरशीसारखा थर. हा थर म्हणजे बॅटरीतून झिरपणाऱ्या आम्लानं तांब्या-पितळेचे आणि शिशाचे केलेले क्षार. बाहेरून तो दिसतो तेवढा त्रासदायक नसतो, खरा त्रास टोक आणि क्लॅम्प यांच्या मध्ये शिरलेल्या थराचा. तो वीज अडवतो. दिव्यांना लागणारा थोडा करंट जाऊ देतो, त्यामुळे दिवे लागतात, पण स्टार्टरनं शंभर-दीडशे अँपिअर मागितले की दार बंद. लक्षणं हुबेहूब मेलेल्या बॅटरीसारखी. म्हणून बॅटरी बदलण्याआधी हे तपासून घ्यावं, असं माझं आग्रहाचं मत आहे. कित्येक धडधाकट बॅटऱ्या या बुरशीपायी भंगारात जात असतील.

तपासायला साधा मल्टीमीटर पुरतो. काकांना सेल्फ मारायला सांगितलं आणि मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या टोकावर, दुसरी त्याच टोकावरच्या क्लॅम्पवर धरली. एकमेकांना चिकटलेल्या दोन वस्तू, त्यांच्यात फरक जवळजवळ शून्य हवा. मीटरनं ०.८ दाखवले. म्हणजे बारातला पाऊण व्होल्ट त्या बुरशीतच मरत होता.

"म्हणजे बॅटरी चांगली आहे तर!" काका म्हणाले.

"तसं अजून म्हणता येणार नाही, काका. आधी टोकं साफ करू, मग बघू."

काळी तार काढली, फडक्यात गुंडाळली. मग लाल. लाल क्लॅम्प घट्ट बसला होता. अशा वेळी गॅरेजमध्ये पान्यानं दोन ठोके घालायची पद्धत आहे. ते करू नये. शिशाचं टोक मऊ असतं, ठोक्यांनी आतल्या पट्ट्यांशी असलेला त्याचा जोड हलतो आणि बॅटरी उगाच मरते. नट पूर्ण ढिला करून, क्लॅम्पच्या फटीत जाड स्क्रू-ड्रायव्हर घालून किंचित फाकवलं आणि हातानं डावी-उजवीकडे फिरवत वर उचललं की निघतो.

साफ करायला एक पेला कोमट पाणी आणि त्यात मोठा चमचाभर खायचा सोडा. जुन्या दात घासायच्या ब्रशनं ते पाणी थरावर लावलं की फसफसतं. आम्ल मारलं जात असल्याची ती खूण. फसफस थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा लावायचं. बॅटरीला वर पाणी भरायची झाकणं असतील तर ती घट्ट आहेत ना हे आधी बघायचं, सोडा आत जाता कामा नये, नाहीतर आतलं आम्लही मारलं जाईल. बरेच जण थेट उकळतं पाणी ओततात. थर जातो, पण आम्ल वाहून खालच्या ट्रेमध्ये आणि पत्र्यावर जातं आणि वर्षभरात तिथे गंज दिसतो. सोड्यानंतर साधं पाणी, मग कोरडं फडकं, आणि शेवटी टोकाला बाहेरून व क्लॅम्पला आतून पॉलिश पेपर, शिशाचा राखाडी चकाकता रंग दिसेपर्यंत. हातमोजे आणि चष्मा हवाच. निघालेली पूड हातानं झाडायची नाही, त्यात शिसं असतं.

पुन्हा लाल आधी, मग काळी जोडून तीच चाचणी घेतली. ०.८ चे ०.१ झाले. सांधा आता ठीक होता. मग मीटर थेट बॅटरीच्या दोन टोकांवर ठेवला. स्वस्थ असताना १२.१ व्होल्ट, म्हणजे निम्म्याच्याही खाली. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. बॅटरी काढून रात्रभर चार्जरवर लावली, सकाळी काही तास तशीच ठेवली, मग जोडून सेल्फ मारला. मीटर ८.७ वर कोसळला. भरलेली बॅटरी सेल्फच्या वेळी साधारण साडेनऊच्या खाली जायला नको. तेव्हा कुठे मी काकांना म्हणालो की आता नवी आणा.

चार वर्षांत बॅटरी का गेली, यालाही पुण्याच्या राहणीत उत्तर आहे. एक तर एप्रिल-मेचं ऊन. उष्णतेनं बॅटरीच्या आतली झीज वाढते. लोक हिवाळ्याला दोष देतात, पण हिवाळ्यात फक्त उन्हाळ्यात झालेलं नुकसान उघडं पडतं. दुसरं म्हणजे उभी गाडी. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, रेडिओची स्मृती मिळून ३० मिलिअँपिअरच्या आसपास खात असतात. म्हणजे दिवसाला ०.७२ अँपिअर-अवर. ३५ची बॅटरी या हिशोबानं तीन-साडेतीन आठवड्यांत निम्मी आणि सात आठवड्यांत कोरडी. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि पुण्यातल्या पार्किंगमधल्या गाड्या आठवडेच्या आठवडे हलल्या नाहीत, तेव्हा कित्येकांना हा हिशोब कागदावर न मांडताच कळला. आणि शिसं-आम्लाची बॅटरी रिकाम्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या क्षाराचे कडक खडे बसतात, ते नंतर चार्ज करूनही पुरते विरघळत नाहीत. काकांची रविवारची मंडई बॅटरी भरायला पुरेशी नव्हतीच.

नवी बॅटरी आली तेव्हा ती जुनीच्या शेजारी जमिनीवर ठेवून बघितली. उंची तीच, लांबी तीच, आणि मुख्य म्हणजे पॉझिटिव्ह टोक त्याच बाजूला. एकाच आकाराच्या बॅटऱ्या एल आणि आर अशा दोन प्रकारांत येतात, टोकं आरशातल्यासारखी उलट. चुकीची आली तर तार ताणून पोचवायचा मोह होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे उलटी जोडली जाण्याची शक्यता. पॉझिटिव्ह टोक निगेटिव्हपेक्षा किंचित जाड असतं ते याचसाठी. क्लॅम्प सहज बसत नसेल किंवा खुळखुळत असेल तर थांबून खुणा पुन्हा वाचाव्यात. खुळखुळणाऱ्या क्लॅम्पमध्ये खिळा किंवा तारेचा तुकडा ठोकायचा उपाय आपल्याकडे लोकप्रिय आहे, पण त्यानं सांधा दोन ठिकाणीच टेकतो आणि तिथे तापतो.

बॅटरी ट्रेमध्ये ठेवली की आधी तिला धरणारी पट्टी आवळायची. ती लोखंडी असते, आवळताना लाल टोकाला लागू शकते, म्हणून दोन्ही तारा मोकळ्या असतानाच ते काम उरकावं. काढतानाही पट्टी तारांच्या नंतर. मग लाल क्लॅम्प टोकावर पार खालपर्यंत बसवून आवळला. हातानं फिरवून बघायचा, हलता कामा नये, पण शिसं पिळवटेपर्यंत जोरही लावायचा नाही. मग काळी. काळी टेकताना एक बारीक ठिणगी दिसू शकते. गाडीतले कॉम्प्युटर पहिला घोट घेतात त्याची ती. मोठा फटाका झाला तर मात्र काहीतरी चालू राहिलं आहे, तार लगेच उचलून शोधावं. सगळं आवळून झाल्यावर दोन्ही टोकांवर वरून व्हॅसलीनचा हात फिरवला. वरून म्हणतो, मधून नाही. धातूला धातू टेकल्यानंतर हवा आणि आम्लाची वाफ बाहेर ठेवणं एवढंच त्याचं काम.

गाडी चालू झाल्यावर बॅटरीवर १४.१ व्होल्ट दिसले, म्हणजे अल्टरनेटर आपलं काम करत होता. हा आकडा साधारण १३.८ ते १४.५ मध्ये असावा. तो १२ वरच रेंगाळला असता तर नवी बॅटरीही आठवड्यात झोपली असती.

आता राहिला रेडिओ. ज्यासाठी लोक इंजिन चालू ठेवतात तो.

काम सुरू करण्याआधी काकांच्या गाडीत बसून मी एका पाकिटाच्या पाठीवर सहा बटणांची सहा स्टेशनं लिहून घेतली. बास आणि ट्रेबलचे आकडे लिहिले, ट्रिप मीटरचा आकडा लिहिला. मोबाइलवर फोटो काढला तरी चालतं. आणि सर्वांत महत्त्वाचं, कोड. काही गाड्यांत, उदाहरणार्थ काही होंडा आणि स्कोडांमध्ये, कंपनीनं बसवलेला रेडिओ वीज गेल्यावर कुलूपबंद होतो आणि पडद्यावर CODE असं विचारतो. चोरीला गेलेला रेडिओ निरुपयोगी व्हावा म्हणून ही सोय. हा कोड गाडीच्या पुस्तिकेसोबतच्या छोट्या कार्डावर असतो, आणि हे कार्ड कुठे आहे ते बॅटरी काढण्याआधी शोधायचं, नंतर नाही. काही वेळा चुकीचा आकडा घातला की रेडिओ बराच काळ प्रयत्नच करू देत नाही. जुनी गाडी विकत घेतलेल्यांनी तर कार्ड घरात आहे ना, हे आजच बघून ठेवावं.

बॅटरी जोडल्यावर स्टेशनं परत लावायला आम्हाला पाच मिनिटं लागली. पहिलं १०१ लावलं, काकांनी स्वतःच्या हातानं. घड्याळ लावलं. ज्या गाड्यांत काच एका दाबात पूर्ण खाली-वर होते त्यांत ती सवय काच विसरू शकते, मग पूर्ण वर करून बटण काही सेकंद धरून ठेवलं की बहुधा परत शिकते. नेमकी रीत पुस्तिकेत असते. इंजिनही पहिली काही मिनिटं थोडं चढ-उतार करतं. एसी न लावता दहा मिनिटं नुसतं चालू ठेवलं आणि मग एक फेरी मारली की बसतं. गेलेली संपत्ती एवढीच. मोजून बघा, एकूण वीस मिनिटंसुद्धा नाहीत.

'मेमरी सेव्हर' नावाची उपकरणं मिळतात हे मला ठाऊक आहे. एक लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचं, त्यात ९ व्होल्टची चपटी बॅटरी. पण बऱ्याच गाड्यांत किल्ली काढली की हे सॉकेट मरतं, मग ते खेळणं नुसतं शोभेला. दार उघडलं आणि आतला दिवा लागला की ती चिमुकली बॅटरी बघता बघता संपते. दुसरं ओबीडीच्या सॉकेटमध्ये लावून बाहेरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडायचं. हे चालतं, कारण त्या सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनवर कायम पॉझिटिव्ह असतो आणि ४ नंबरवर बॉडी. पण थांबा, आत्ता वर आपण काय शिकलो? काळी तार आधी काढायची ती लाल तार निर्जीव व्हावी म्हणून. इथे तर आपण मागच्या दारानं लाल तारेत पुन्हा जीव भरला. आता काढलेला लाल क्लॅम्प पत्र्याला टेकला की फ्यूज उडणार, आणि जपलेली स्मृती जायची ती जाणारच. दुसऱ्या गाडीवरून जंपर केबल लावून हेच करणारेही आहेत. त्यात मध्ये फ्यूजही नसतो. म्हणजे एका पूर्ण बॅटरीचा शॉर्ट तुमच्या हातात तयार.

हे दोन हेतू मुळातच एकमेकांच्या विरुद्ध आहेत. क्रम सांगतो की गाडी पूर्ण निर्जीव करा, मग हात घाला. स्मृती सांगते की थोडा जीव राहू द्या. गाडीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये, जिथे लाल क्लॅम्पवर रबरी टोपी चढवायची शिस्त आहे आणि फ्यूज असलेलं उपकरण आहे, तिथे दोन्ही साधतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, एका हातात टॉर्च धरून, नाही. तिथे जीव राहू देऊ नये. स्मृती पाकिटाच्या पाठीवर सुखरूप असते.

माझं म्हणणं साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांपुरतं आहे. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांची बॅटरी वेगळ्या जातीची असते, काहींत नवी बॅटरी गाडीच्या कॉम्प्युटरला कळवावी लागते, आणि काळ्या क्लॅम्पवरच एक नाजूक सेन्सर बसवलेला असतो. तिथे फाकवणं-बिकवणं नको. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतल्या नारिंगी तारांच्या वाटेला तर जाऊच नये.

जुनी बॅटरी मात्र दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला देऊ नका, चार पैसे जास्त मिळाले तरी. आत किलोच्या किलो शिसं आणि आम्ल आहे, आणि ते फोडून आम्ल गटारात ओतणारेही आहेत. विक्रेत्यानं जुनी परत घ्यावी ही तरतूद २००१ च्या नियमांपासून होती. २०२२ च्या नव्या नियमांनी ती गोळा करून तिचं पुनर्चक्रीकरण करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवीच्या बिलात जुनीची वजावट दाखवून घ्यावी, आणि तो मुलगा जुनी स्कूटरवर उभीच ठेवतो ना, तेवढं बघावं.

त्या मुलाशी वाद घालायची गरज नाही. तो दिवसाला कित्येक बॅटऱ्या बदलतो, त्याला पुढची गाठायची असते, आणि त्याला हे कोणी शिकवलेलं नसतं. तो यायच्या आधी स्टेशनं लिहून ठेवा, किल्ली खिशात टाका आणि त्याच्या शेजारी उभे राहा. तो लाल नटाला पाना लावायला लागला तर म्हणा, "अरे, आधी काळी काढ ना." बहुतेक मुलं एकदा वर बघतात आणि काढतात. एखादा विचारतो, "का हो?" त्याला जरूर सांगा. तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे जाणारच आहे.